“आई, त्या काकूंचं तोंड असं का?”: चारचौघांत आलेल्या प्रश्नाला उत्तर देताना

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट धक्क्यावरून सुटली की माणसं गाड्यांतून उतरून कठड्याशी येऊन उभी राहतात. खाडी ओलांडेपर्यंत कुणालाच कुठे जाता येत नाही. नेमकं अशा वेळी कडेवरचं चार वर्षांचं पोर शेजारच्या बाईकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात विचारतं, “आई, त्या काकूंचं तोंड असं का झालंय?” मासळी बाजारात किंवा जत्रेत असं झालं तर मुलाला ओढत दुसऱ्या गल्लीत नेता येतं, आणि बहुतेक पालक तेच करतात. बोटीत ती सोय नाही. म्हणून इथलंच उदाहरण घेते. जे उत्तर बोटीत निभावतं ते एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर किंवा गणपतीत भरलेल्या घरातही निभावेल.

आधी मूल काय विचारतंय ते बघू. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मनातलं मनात ठेवणं अजून नीट जमत नाही, आवाज बेताचा ठेवणं तर त्याहून कमी. आपलं बोलणं ऐकून समोरच्याच्या मनात काय येईल याचा अंदाज साधारण चार-पाच वर्षांपासून यायला लागतो, आणि तोही कच्चा असतो. म्हणून “बोट का हलतेय?” आणि “काकूंचं तोंड असं का?” हे दोन्ही प्रश्न त्याच्या तोंडून एकाच सुरात येतात. त्या “का”च्या पोटात सहसा तीन गोष्टी असतात: ते काय आहे, दुखतंय का, आणि मला होईल का. आपल्याला मात्र चौथंच काहीतरी ऐकू येतं, की पोराने त्या बाईला कुरूप म्हटलं. आपण घाबरतो ते या चौथ्या गोष्टीला, आणि त्या गडबडीत पहिल्या तिन्हींची उत्तरं राहून जातात.

पहिले काही सेकंद

तोंडावर हात ठेवू नका, चिमटा काढू नका, “श्शू” करू नका. त्या बाईंनी प्रश्न ऐकलेला आहेच. आता त्या बघणार आहेत तो तुमचा चेहरा. तुम्ही दचकलात की त्यांना कळतं, आपल्याकडे बघून माणसं अजून दचकतात. मुलालाही तेच कळतं, की इथे काहीतरी वाईट आहे. तुम्ही एक शब्द न बोलता धडा देऊन होतो.

मूल खाली उभं असेल तर त्याच्या उंचीला वाका, कडेवर असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे वळवून घ्या. याचा फायदा साधा आहे. तुमचा कान जवळ आला की त्याचा आवाज आपोआप उतरतो, “हळू बोल” असं सांगावं लागत नाही. तुमचा स्वतःचा आवाज मात्र नेहमीचाच ठेवा. कुजबुजू नका. कुजबुज शेजारच्या माणसाला ओरडण्यापेक्षा जास्त लागते, कारण आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे कळतं पण काय ते कळत नाही. तुमचं वाक्य त्यांच्या कानावर गेलं तरी चालेल असंच बोलायचं आहे. किंबहुना ते दोघांसाठी आहे: मुलाला उत्तर म्हणून आणि त्या बाईंना तुमची ओळख म्हणून.

उत्तराचं वाक्य

वाक्यात फक्त दिसतं तेवढंच सांगा. म्हणजे असं: “हो, काकूंच्या गालावर व्रण आहे. मोठी जखम भरून आली की तिथली कातडी कधी कधी अशी वेगळी दिसते. तुझ्या गुडघ्यावर नाही का, अंगणात पडलास तेव्हाचा?”

“हो” पहिलं, कारण मुलाने जे पाहिलं ते खरंच आहे. “काही नाही, काही नाही” म्हटलंत तर त्याला स्वतःच्या डोळ्यांवर शंका येते आणि ते आणखी मोठ्याने विचारतं. “आपण सगळे सारखेच असतो” हेही तसंच फसतं. सारखे नाहीत हे त्याला समोर दिसतंय. मग “व्रण” हा शब्द. नाव मिळालं की मुलाचं अर्धं कुतूहल भागतं, आणि “असं का”, “घाण का”, “फाटलंय का” या त्याच्या शब्दांच्या जागी एक साधा शब्द येतो. तुमच्या घरी “वण” किंवा “डाग” म्हणत असाल तर तोच वापरा. शेवटी त्याच्या स्वतःच्या गुडघ्याचा उल्लेख, कारण व्रण ही काकूंवर आलेली जगावेगळी गोष्ट नसून कातडीचं नेहमीचं काम आहे, हे त्याला तिथे हात लावून बघता येतं.

कारण मात्र सांगायचं नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त पालक चुकतात ते इथे, आणि चांगल्या हेतूने चुकतात. “त्यांना भाजलं असेल, बाळा” हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण एक तर ते खरं आहे का हे तुम्हाला ठाऊक नाही. चेहऱ्यावर असं दिसणारं काहीही गरम तेलाने, ॲसिडने, अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने झालेलं असू शकतं, जन्मखूणही असू शकते. दुसरं, आपल्याकडे बाईच्या अंगावर भाजल्याची खूण दिसली की लोकांच्या मनात स्टोव्ह, सासर, पोलीस असं सगळं भराभर येतं. तुम्ही “भाजलं” म्हणालात की कठड्याशी उभी असलेली माणसं वळून बघणार आणि तीच गोष्ट मनात जुळवणार. त्या बाईंना ते आयुष्यभर सोसावं लागलेलं असतं. बोटीतल्या दहा-पंधरा मिनिटांत त्यात भर घालायचं आपल्याला कारण नाही.

मग मूल “पण कशाने झालं?” म्हणून मागे लागलं, आणि ते लागणारच, तर खरं तेच सांगा: “मला माहीत नाही. ती काकूंची गोष्ट आहे. त्यांना वाटलं तर त्या कुणाला सांगतील.” चार वर्षांच्या मुलाला हे पुरतं. आईलाही काही गोष्टी माहीत नसतात, हे त्याला नवीन नसतं.

समोरच्या व्यक्तीकडे कसं वळायचं

मुलाला उत्तर दिल्यावर एकदा त्यांच्याकडे बघा. नजर मिळाली तर मान हलवा, हसा, बोटीत कुणाशीही बोलाल तसं बोला: “तुम्ही गुहागरकडे का, ताई?” नजर मिळाली नाही किंवा त्यांनी तोंड फिरवलं, तर तुम्हीही मुलाला पाण्याकडे वळवा. आपल्याशी बोलायलाच हवं असं त्यांच्यावर बंधन नाही. त्या कदाचित नुसत्या माहेरी निघाल्या असतील आणि आज कुणाच्या मुलाला शिकवायचा त्यांचा विचार नसेल.

“सॉरी हं ताई, लहान आहे तो” असं मोठ्याने म्हणणं मात्र टाळा. मुलाने व्रण पाहिला आणि विचारलं, यात माफी मागण्यासारखं काही नाही. माफी मागितली की त्यांचा चेहरा हीच एक चूक ठरते. शिवाय आता त्यांनाच तुम्हाला “नाही हो, असू दे” म्हणत समजवावं लागतं, म्हणजे लाज तुमची आणि ती निस्तरायची त्यांनी. “विचार, विचार, तूच विचार काकूंना” असं म्हणून मुलाला पुढे ढकलणंही तितकंच गैर. हल्ली हे मोकळेपणा म्हणून केलं जातं. पण भर बोटीत, सगळे बघत असताना, “नाही सांगायचं” असं एका मुलाला म्हणणं किती जणींना जमेल?

त्या आपणहून बोलल्या तर गोष्ट वेगळी. अनेकांना मुलाचा सरळ प्रश्न मोठ्यांच्या चोरट्या नजरेपेक्षा बरा वाटतो. तसं झालं तर तुम्ही मध्ये पडू नका, त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. ऐकून झाल्यावर वर आणखी चार प्रश्न मोठ्यांनी विचारायचे नाहीत.

एक प्रसंग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा मुलगा सोहम, वय सव्वाचार. बरोबर आई आणि आजी. समोर बाकावर गाल आणि मान आक्रसलेली एक बाई.

“आई! त्या काकूंच्या मानेला काय झालं?” तीन-चार माथी वळतात. आजी लगेच, “गप बस बघू. असं विचारू नये.” आई वाकते. “हो रे, काकूंच्या मानेवर व्रण आहे. जखम भरली की कातडी अशी ओढल्यासारखी दिसते कधी कधी.” सोहमचा आवाज आता खाली. “दुखतं?” इथे घाईने “नाही, अजिबात नाही” म्हणू नये. जुना व्रण ताणला जातो, खाजतो, उन्हात काहींना त्रासही देतो. “ती जखम आता भरलेली दिसते. दुखतं का ते मला नाही माहीत.” सोहम बघत राहतो. आई बाईंकडे बघून हसते. बाई हसतात आणि म्हणतात, “लहानपणी झालं हो, आता नाही दुखत.” आई, “ऐकलंस? काकू म्हणतात, नाही दुखत.” आणि मग त्यांना, “उतरल्यावर पुढे एसटी मिळते का हो लगेच?” बोलणं गाडीच्या वेळेवर जातं. सोहम आणखी एकदा वळून बघतो. बघू दे. थोडा वेळ बघणं आणि टक लावून बसणं यात फरक आहे. टक लागली तर “ती बघ पलीकडची होडी” एवढं पुरे. “बघू नकोस” म्हटलं की नजर पुन्हा तिथेच जाते.

आजीने “गप बस” म्हटलं त्यावर आईने तिथे काहीच म्हटलं नाही, हेही ध्यानात घ्या. बोटीत एका वेळी एकच प्रसंग सांभाळता येतो.

त्याच रात्री घरी

खरं काम इथे आहे, आणि ते बहुतेकदा सुटून जातं. बोटीत मुलाने पहिले दोन प्रश्न विचारले. तिसरा, “मला होईल का?”, ते सहसा विचारत नाही. तो झोपताना वर येतो, किंवा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच रूपात: आंघोळीचं पाणी फार गरम आहे म्हणून रडणं, खरचटल्यावर नेहमीपेक्षा जास्त घाबरणं, बाहुलीच्या तोंडाला पेनाने रेघोट्या मारणं.

या वयाच्या मुलांना वाटतं की वाईट गोष्ट वाईट वागण्यामुळे होते. पडला म्हणजे आईचं ऐकलं नसणार. हा विचार मुलांत आपोआपच येतो, आणि आपण मोठे त्याला खतपाणी घालतो. “देवाने शिक्षा केली”, “गेल्या जन्मीचं असतं हो”, “ऐकलं नाहीस तर तुझंपण तसंच होईल.” हे शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट. त्यात एक जिवंत माणूस बागुलबुवा होतो. चुलीपासून किंवा गॅसपासून मुलाला लांब ठेवायचं असेल तर ते चुलीजवळ, चुलीकडे बोट दाखवून सांगावं. कुणाच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून नाही.

म्हणून रात्री एकदा, दोन-तीन मिनिटं पुरे, विषय आपणहून काढा. “आज बोटीत त्या काकू होत्या ना, त्यांच्याबद्दल काही विचारायचंय का?” तो नाही म्हणाला तरी दोन वाक्यं सांगून ठेवा: “काकूंनी काही वाईट केलं म्हणून तसं झालेलं नाही. आणि त्यांच्या जवळ बसलं, हात लावला, तरी ते आपल्याला होत नाही.” विषय तिथेच सोडा. लांबवलात तर तो नव्याने घाबरेल.

“आपल्याला होत नाही” हे कधी खरं ते आपल्यालाही ठाऊक हवं, कारण इथे मोठ्यांच्याच समजुती पक्क्या नसतात. अंगावरचे पांढरे डाग, म्हणजे कोड, संसर्गाने होत नाही. तिथल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात, इतकंच. कोडाचा कुष्ठरोगाशी संबंध नाही, आणि कुष्ठरोगही औषधोपचार झालेल्या माणसाकडून पसरत नाही. दुभंगलेल्या ओठाला आजी ग्रहण चिकटवते, गरोदरपणी विळी हातात धरली म्हणून. खरं एवढंच की पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत ओठाचे भाग एकमेकांना जुळतात आणि काही बाळांत ते पूर्ण जुळत नाहीत. ओठावर शस्त्रक्रिया करता येते, शक्यतो पहिल्या वर्षातच. मच्छीमारांच्या गावात एखाद्या तांडेल काकांचं एक बोट नसतं. तिथे तर सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण तरीही ती हकीकत काकांनीच सांगावी.

चाकाची खुर्ची असेल तर

इथे उत्तर थोडं बदलतं, कारण मुलाचं लक्ष सहसा माणसापेक्षा खुर्चीकडे असतं. “ते आजोबा गाडीत का बसलेत?” याला खुर्चीचं काम सांगा: “त्यांना चालता येत नाही किंवा लांबवर चालवत नाही. या खुर्चीने ते हवं तिथे जातात.” “अडकलेत”, “बिचारे”, “च्च च्च” यातलं काही नको. खुर्चीमुळे माणूस घराबाहेर पडतो. अडवते ती पायरी.

हे कोकणात मुलाला डोळ्यांनी दाखवता येतं. फेरीबोटीला गाड्या चढवायला उतरती फळी असते, त्यावरून चाकाची खुर्चीही येते. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत मात्र पाय उचलून, तोल सांभाळत उतरावं लागतं. एसटीच्या पायऱ्या किती उंच असतात हे तर त्याच्याच पायांना ठाऊक आहे. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, “खुर्ची इथून चढेल का?” ते स्वतःच बघायला लागतं, आणि “त्या आजोबांना काय झालंय” पेक्षा “इथे फळी का नाही” हा प्रश्न त्याला जास्त आवडतो. उत्तरही त्याचंच बरेचदा नीट असतं.

दोन नियम आधीच सांगून ठेवा. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, मागून ढकलायची तर मुळीच नाही, कारण ती त्या माणसाच्या अंगाचा भाग असल्यासारखी असते. आणि काही बोलायचं असेल तर खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलायचं. हा दुसरा नियम मोठ्यांसाठी जास्त. “यांना पाणी हवंय का?” असं शेजारच्या मुलाला विचारणारे आपणच असतो.

प्रश्न नसून बोचरा शब्द असेल तर

“भूत!”, “ई, घाण!” असं काही मूल म्हणालं तर मात्र वर सांगितलेला माफीचा नियम उलटा होतो. तेव्हा त्या व्यक्तीकडे बघून, थोडक्यात, “माफ करा, ताई” म्हणा, कारण आता शब्द खरंच लागला आहे. मग मुलाला, न ओरडता पण ठामपणे: “त्या काकू आहेत, भूत नाही. असं म्हटलं की माणसाला वाईट वाटतं. गालावर आहे तो व्रण.” मुलाकडून तिथल्या तिथे “सॉरी” वदवून घेऊ नका. चार वर्षांचं पोर तेव्हा हट्टाला पेटतं आणि तमाशा लांबतो, तोही त्या बाईंच्याच समोर.

मूल घाबरून रडायला लागलं तर समजावत बसू नका. दूर घेऊन जा, बोटीत असाल तर दुसऱ्या कठड्याशी. “जा, काकूंना नमस्कार कर, बघ काही करत नाहीत” असं म्हणत जवळ नेणं मुलासाठीही वाईट आणि त्या बाईंसाठीही. त्यांच्या कानावर जाईल असं एवढंच म्हणा, “नवीन काही दिसलं की थोडा घाबरतो, बसेल सवय.” आणि रात्रीचं बोलणं त्या दिवशी चुकवू नका.

हळू विचारायला कधी शिकवावं

पाच-साडेपाच वर्षांनंतर. त्याआधी सांगून ठेवता येतं, पण लगेच जमेल अशी अपेक्षा नको. सांगताना “असं विचारायचं नाही” म्हणू नका, नाहीतर प्रश्न बंद होतात आणि टक लावणं उरतं. “कुणाच्या अंगाबद्दल, दिसण्याबद्दल काही विचारायचं असेल तर आधी माझ्या कानात विचार” असं म्हणा. मग कानात विचारलेल्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायला लागतं, “घरी गेल्यावर सांगते” म्हणून टोलवायचं नाही. दोन-तीनदा टोलवलं की मूल परत खणखणीत आवाजावर येतं.

घरातल्या वस्तूंवर सराव होतो. आजोबांचा चष्मा, आजीची कवळी, शेजारच्या काकांचं कानात घालायचं यंत्र, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशीला मिळालेली काठी. प्रत्येकाचं काम काय, विचारून हात लावून बघता येतं, आणि ही माणसं घरचीच असल्याने कंटाळली तर “पुरे रे आता” असं स्पष्ट म्हणतातही. सरावाला हे फार चांगलं.

आजीशी बोलणं

आजीने “असं विचारू नये” म्हटलं ते त्या बाईंना अवघडू नये म्हणूनच. तिला तसं म्हणा, आणि पोर झोपल्यावर म्हणा. “आई, तुम्हाला त्यांना वाईट वाटू नये असं वाटलं ना? मलाही. पण गप्प केलं की तो आणखी ओरडतो. पुढच्या वेळी मी उत्तर देईन, तुम्ही त्या बाईंशी काहीतरी बोलायला लागा.” काम वाटून दिलं की आज्यांना ते पटतं. कोकणातल्या आजीला अनोळखी बाईशी “तुम्ही कुठल्या गो?” म्हणून बोलणं सुरू करायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि फेरीबोटीत हे काम आपल्यापेक्षा तीच बरं करते. ग्रहणाची आणि गेल्या जन्माची गोष्ट मात्र त्याच बोलण्यात काढू नका. तिच्यावर एका रात्रीत वाद जिंकता येणार नाही. मुलासमोर ती निघाली तर तेवढ्यापुरतं म्हणा, “आजीला तसं वाटतं. डॉक्टर सांगतात की पोटात असताना ओठ जुळायचा राहिला,” आणि जेवायला वाढायला घ्या.